कोल्हापुरात लग्नाची नेमकी तारीख सांगणारा टॅरो रीडर सुचवा

रंकाळ्यावरची:
नमस्कार मंडळी. राजारामपुरी, शाहूपुरी, फार तर इचलकरंजीपर्यंत चालेल, कुणी चांगला टॅरो रीडर सुचवाल का? अट एकच, लग्नाची तारीख नेमकी सांगणारा हवा.

झालंय असं, की इचलकरंजीचं स्थळ आलंय. दोन्हीकडून पसंती आहे, पण त्यांच्या मोठ्या मुलीचं अजून ठरायचंय म्हणून "कळवतो, कळवतो" चाललंय. इकडे बाबांना कार्यालयाला इसार देऊन मोकळं व्हायचंय. मी शाहूपुरीतल्या एका ताईंकडे पत्ते बघितले. टू ऑफ कप्स, सेव्हन ऑफ पेंटॅकल्स आणि फोर ऑफ वाँड्स आली. बाकी सगळं त्यांनी छान उलगडून सांगितलं, पण तारीख विचारली तर "ती यातून निघत नाही" म्हणाल्या. तीच तीन कार्डं मी एका ऑनलाइन रीडरला पाठवली, तर दहा मिनिटांत उत्तर आलं, १५ एप्रिल. एकाला निघते आणि एकाला निघत नाही, हे कसं काय?

उसाचा_फड:
भावांनो, पत्ते बघून लग्न ठरवायला लागलो तर अवघड आहे. आमच्याकडं पत्ते निघतात ते गणपतीच्या मांडवात.

कार्डवेडा_कागल:
यात अवघड काही नाही. वाँड्स म्हणजे आठवडे, कप्स म्हणजे दिवस, स्वॉर्ड्स म्हणजे महिने, पेंटॅकल्स म्हणजे वर्षं. शेवटचं कार्ड फोर ऑफ वाँड्स, म्हणजे चार आठवडे. शिवाय ते कार्डच लग्नाचं आहे, चार काठ्यांचा मांडव असतो त्यावर. चार आठवड्यांत बार उडणार, फिक्स. तुमच्या त्या ताई नवीन असाव्यात.

मावशी_निपाणी:
अगं, पत्ते कसले बघतेस, पत्रिका दाखव. माझ्या थोरलीला मंगळ होता, तीन स्थळं परत गेली. मग आमच्या गुरुजींनी दोघांच्या पत्रिका घेऊन बसून सगळं समजावलं. तुझी रास कुठली? मुलाला मंगळ आहे का?

रंकाळ्यावरची:
मावशी, पत्रिका जुळलीय. अडलंय ते कधी यावर.

हळद_कुंकू:
कार्यालय हवंय का? किती माणसं धरलीत? फुलेवाडीकडं एक बघितलेलं, पार्किंग मोठं आहे, जेवणाचा ठेका मात्र त्यांच्याकडंच द्यावा लागतो.

पत्तेवाली_शाहूपुरी:
रंकाळ्यावरची ताई, ते पत्ते माझ्याकडेच बघितलेत. कार्डं आणि स्थळाची हकिगत तुम्हीच इथे लिहिलीय, म्हणून तेवढ्यावरच बोलते. त्या दिवशी पुढची मंडळी बाहेर थांबली होती आणि मी एका वाक्यात आटोपलं. आता सविस्तर लिहिते.

आधी ते १५ एप्रिल कुठून आलं ते सांगते. १८८८ साली लंडनमध्ये गोल्डन डॉन नावाची एक मंडळी सुरू झाली. त्यांनी राशीचक्राचे दहा-दहा अंशांचे छत्तीस तुकडे केले आणि दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या छत्तीस पत्त्यांना एकेक तुकडा वाटून दिला. त्यात फोर ऑफ वाँड्सला मेषेचा शेवटचा तुकडा आला. सूर्य तिथे साधारण ११ ते २० एप्रिल असतो. त्या रीडरने बहुतेक या दहा दिवसांतला मधला दिवस उचलला. म्हणजे पद्धतीतून निघाले दहा दिवस आणि तुम्हाला सांगितला एक. वर्ष कुठलं, हे तर पत्त्यात कुठेच नाही.

पुढची गंमत ऐका. ही मेष सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आणि आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं. दोन्हींत आज चोवीसेक अंशांचं अंतर आहे. दाते पंचांग उघडा, सूर्य मेषेत जातो तोच १४ एप्रिलच्या सुमाराला. त्या हिशोबाने मेषेचे शेवटचे दहा अंश येतात ४ ते १४ मेच्या आसपास. पत्ता तोच आणि रास तीच, पण लंडनच्या गणिताने एप्रिल आणि तुमच्या गुरुजींच्या गणिताने मे.

आता कार्डवेडा यांचं. पत्त्याच्या रंगाला काळाचं माप लावायची पद्धत आहे, ते बरोबरच आहे. पण ते माप सगळीकडे सारखं नाही. तुम्ही वाँड्सना आठवडे धरता, तसे बरेच जण दिवस धरतात. मग फोर ऑफ वाँड्स म्हणजे चारच दिवस, त्यात बस्तासुद्धा बांधून होणार नाही. तिसरे लोक रंगांना ऋतू देतात. वाँड्स कुणाकडे वसंत, कुणाकडे उन्हाळा, आणि तेही युरोपातले चार ऋतू. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो कोसळतो तो कुठल्या रंगात बसवायचा?

म्हणजे एका फोर ऑफ वाँड्सवरून चार दिवस, चार आठवडे, एप्रिल किंवा मे, यातलं काहीही काढता येतं. यातलं एक माप धरायचं तर ते पत्ते पिसण्याआधी बोलून दाखवायला हवं, "आज मी अमुक माप धरते" असं. पत्ता पडल्यावर सोयीचं माप लावलं की हवी ती तारीख निघते. त्या दिवशी माप ठरवून मी पत्ते काढले नव्हते. तुमचा प्रश्न होता "हे कुठे अडलंय आणि पुढे काय", आणि तीन जागा त्याच प्रश्नाच्या होत्या: सध्याची स्थिती, अडथळा आणि वाट. शेवटच्या जागेवरचा पत्ता नंतर कॅलेंडर म्हणून वाचला तर तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतो.

मांडवाचं म्हणाल तर हो, चार काठ्यांवर फुलापानांची माळ आहे, मागे वाडा आहे आणि दोघं हात वर करून उभी आहेत. पण घर बांधून झालं, माणसं घरी परतली, अशा आनंदालाही हाच पत्ता येतो. लग्नाकडे कल आहे, एवढं मी छातीठोक म्हणेन.

तुमच्या डावात मला महत्त्वाचा वाटला तो मधला सेव्हन ऑफ पेंटॅकल्स. १९०९ च्या ज्या संचातून मी वाचते त्यात पामेला कोलमन स्मिथने तो असा काढलाय: एक माणूस कुदळीवर हात टेकून वेलाकडे बघतोय. वेलाला नाणी लागलीत, पण तो ती तोडत नाही. त्याचं काम करून झालंय आणि पुढचं त्याच्या हातात नाही. अडथळ्याच्या जागी तो आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, की नक्की कशाची वाट बघताय, आणि ती संपली हे कोण सांगणार? तुम्ही म्हणालात, त्यांच्या मोठ्या मुलीचं ठरल्यावर. ताई, ती मुलगी, तिचं अजून न आलेलं स्थळ आणि त्या घरचे वडील, यातलं कुणीच आपल्या टेबलाशी नव्हतं. तुमच्या लग्नाची तारीख त्यांच्या निर्णयावर लटकलीय, आणि तो निर्णय अजून झालेलाच नाही. मी जे वाचते ते आज जुळलेलं चित्र असतं. परवा त्या मुलीला पसंती आली तर हेच चित्र बदलेल.

शिवाय तारीख ठरते कशी ते तुम्हाला माहीतच आहे. सुपारी फुटते, याद्या होतात, गुरुजी पंचांगातले चार-पाच मुहूर्त काढून देतात, त्यातला कार्यालय मोकळं असेल तो धरतात. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास म्हणून सोडायचा, मग तुळशीच्या लग्नानंतर गर्दी. तुमचा पहिला पत्ता टू ऑफ कप्स. त्याला लंडनच्या गणिताने येतात जूनअखेरचे दिवस, म्हणजे आषाढीच्या तोंडावरचे. एखाद्याने त्यावरून २५ जून सांगितली असती तर गुरुजींनी आधी पंचांग काढून चातुर्मास कधी लागतोय ते बघितलं असतं. ७८ पत्त्यांना आपली तिथी कळत नाही आणि अधिक महिनाही कळत नाही.

तेव्हा दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर खुशाल जा, मला राग नाही. फक्त पैसे द्यायच्या आधी एवढं विचारा, की काळ कसा मोजता, आणि ते आधी सांगाल का? आणि तारखेपाठोपाठ "पण एक बंधन आहे, ते काढायला एवढे लागतील" असं निघालं, तर उठून या.

कार्डवेडा_कागल:
माप आधी ठरवायचं हे पटलं. पण मी घरी चार आठवडे धरून बघितलंय आणि दोनदा तंतोतंत आलंय.

पत्तेवाली_शाहूपुरी:
येतं की, मलाही आलंय. जे चुकले ते वहीत लिहून ठेवलेत का? मी प्रत्येक डावाची तारीख, माप आणि पुढे काय झालं हे लिहिते. काळाच्या प्रश्नांची पानं बघितली की पैज लावायचं धाडस होत नाही.

उसाचा_फड:
ताई, मग पैसे कशाचे घेता?

पत्तेवाली_शाहूपुरी:
तासभर समोर बसून नीट विचारायचे आणि ऐकायचे. नाही पटलं तर येऊ नका, जबरदस्ती नाही.

जोतिबाच्या_वाटेवर:
माझं थोडं वेगळं मत आहे. मी पण पत्ते वाचतो. काळाचा प्रश्न साफ टाळला तर माणूस तुमच्याकडून उठून त्या १५ एप्रिलवाल्याकडेच जातो, इथं झालं तसं. मी माप आधी सांगतो आणि "येत्या तीन महिन्यांत बोलणी पुढे सरकतील का" एवढाच प्रश्न घेतो. हो-नाहीकडे कल सांगता येतो. तारीख मीही देत नाही.

पत्तेवाली_शाहूपुरी:
तुमचा मुद्दा आहे. पण तीन महिने म्हटलं की घरी जाऊन लोक नव्वदावा दिवस कॅलेंडरवर गोल करतात, हे मी बघितलंय. माझं अजून ठरत नाही.

मावशी_निपाणी:
१५ एप्रिलला मुहूर्त आहे का ते तरी कुणी बघितलं का?

रंकाळ्यावरची:
मावशी, नाही बघितलं, गुरुजींना विचारते. पत्तेवाली ताई, राग मानू नका, तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नव्हतं. त्या ऑनलाइन रीडरला आत्ता विचारलं की कुठल्या मापाने काढलं. "एनर्जी तशी आली" म्हणाले, आणि कुठल्या वर्षीचा एप्रिल विचारल्यावर फक्त "सीन" दिसतंय.

आईला मात्र ती तारीख फार आवडलीय, तिने मामाला कळवूनही टाकलं. रविवारी बाबा इचलकरंजीला जाणार आहेत. मोठ्या मुलीचं होईपर्यंत थांबायचं, की साखरपुडा तेवढा उरकून घ्यायचा, हे ते सरळच विचारतील. आईचं म्हणणं, मुलीकडच्यांनी असं विचारू नये. त्यावरून घरात सकाळपासून वाजलंय.

हळद_कुंकू:
साखरपुडाच असेल तर फुलेवाडीचं नको, फार मोठं पडेल. आणि इसार देताना तारीख बदलली तर पैसे पुढच्या तारखेला धरतात का, ते पावतीवर लिहून घ्या. आमचे नुसत्या तोंडी बोलण्यावर गेले.

रंकाळ्यावरची:
हे बाबांना लगेच सांगते. दोनशे माणसांचं एखादं माहीत आहे का?