मदत हवी आहे: एकाच लेखाचे तीन सारांश (वाक्य, परिच्छेद, पान)

कात्रजकर: पानशेतच्या पुरावरचा जुन्या मासिकातला लेख मोबाईलवर टिपलाय. दोन पानं, दोन-दोन रकाने. पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी फलकावर एक वाक्य, पत्रिकेत परिच्छेद आणि टेबलावर ठेवायला एक पान हवंय. आधी पान लिहिलं, मग छाटत गेलो. वाक्य उरलं ते असं: ‘पानशेत पुराचे पुण्यावर अनेक परिणाम झाले.’ पार मिळमिळीत. काय चुकतंय? फोटोतला मजकूर टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने काढलाय.

शनिवारवाला: पद्धत बरोबर आहे. एकातूनच दुसरं काढलं की आकडे तरी जुळतात. वाक्य पुन्हा घासा.

मुद्रितशोधक: आकड्यांपुरतं खरं. पण छाटताना आधी नावं आणि तारखा जातात, मग ‘अनेक परिणाम’ उरतात. तिन्ही थेट मूळ लेखातून घ्या, आणि वाक्य सगळ्यात आधी. काय फुटलं, पुढे काय झालं, एवढंच विचारा: ‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि मुठेकाठचं पुणं पाण्याखाली गेलं.’ परिच्छेदात, साधारण ८० शब्दांत, लेखक सांगतो ते कारण घाला. पानावर, ३५० शब्दांत, लेखाच्या क्रमानेच जा आणि लेखक जिथे ‘कदाचित’ म्हणतो तिथे ते ‘कदाचित’ ठेवा. ते गळलं की त्याचा अंदाज तुमची बातमी होते.

पण आधी मजकूर तपासा. वाक्य मध्येच भलतीकडे उडी मारत असेल तर यंत्राने दोन्ही रकाने आडवे वाचलेत. प्रत्येक रकाना वेगळा कापा, मग:

```
tesseract rakana1.jpg rakana1 -l mar --psm 6
```

आकडे मात्र फोटोवर बोट ठेवून जुळवा. १ चा ९ होतो. ‘९२ जुलै’ डोळ्यात भरतं, ‘१९६९’ बेमालूम खपून जातं आणि तिन्ही सारांशांत शिरतं.

धनकवडी_७: माझ्याही फोटोंवर हाताची सावली पडते. सगळ्यांची एक पीडीएफ कशी करायची?

मुद्रितशोधक: ती वेगळी गोष्ट. पण खिडकीकडे तोंड करून फोटो घ्या, सावली पानावर पडणार नाही. शिवणीकडच्या ओळी वाकतात, तिथली शेवटची अक्षरं हमखास चुकतात.

कात्रजकर: रकाने कापले, मजकूर सरळ आला. ‘१९६९’ खरंच होतं, दोनदा! आता एकच: चौकटीत एका रहिवाशाची आठवण आहे. ती पानात घ्यायची?

शनिवारवाला: घ्याच. लोक तेवढंच वाचतात.

मुद्रितशोधक: घेतली तर एकच ओळ, ‘सोबतच्या चौकटीत’ असं सांगून. तो लेखकाचा मुद्दा नाही.

शनिवारवाला: मग वाचणाऱ्याच्या लक्षात काय राहणार, धरणाची उंची?