अनुभव धागा: प्रोजेक्ट रिपोर्टमधून डेमो डेची चार मिनिटं कशी काढलीत?

रानजाई
भाचीचा फायनल इयरचा रिपोर्ट काल वाचला. मोटारच्या बेअरिंगमधला बिघाड कंपनांवरून ओळखायचा. आमच्या ग्रुपचाही हाच विषय होता, त्यामुळे ते सगळे दिवस आठवले. तिला चार मिनिटं मिळणार आहेत आणि तिने स्लाइड्स रिपोर्टच्याच क्रमाने केल्यात. लिटरेचर सर्व्हे, ब्लॉक डायग्राम, सर्किट... निकालापर्यंत पोचायच्या आत वेळ संपतो.

आमच्या गाइड मॅडमनी उलटीकडून सुरुवात करायला लावली होती. आधी निकालाचं एक वाक्य लिहा, मग त्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसायला जे लागेल तेवढंच रिपोर्टमधून उचला. आमचं वाक्य होतं: 'मॉडेलने आधी कधीही न पाहिलेलं बेअरिंग लावलं, तरी दहातल्या आठ वेळा ते चांगलं की खराब हे बरोबर सांगतं.' मग सेन्सर कुठे बसवला, बेअरिंग कशी खराब केली, एवढंच प्रोटोटाइपमध्ये उरलं. समस्येलाही दोनच वाक्यं: कानाला आवाज येतो तोवर खड्डा वाढलेला असतो, आणि मोटार थांबली की पूर्ण लाइन थांबते.

तुम्ही काय ठेवलंत, काय गाळलंत?

पाना_१२
मोबाइलवरून लिहितोय, चुका माफ. आकडा मोठा सांगा, बाकी कोणी ऐकत नाही. आमचा ९७ टक्के होता, पहिल्याच स्लाइडवर टाकला. बक्षीस मिळालं.

कंपनवेडा
पानादादा, आकडा आधी सांगा हे पटलं. पण तो कशावर मोजला ते त्याच वाक्यात हवं. या विषयात एक नेहमीची गोम आहे. एका बेअरिंगचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतात, त्याचे एकेक सेकंदाचे तुकडे करतात, ते पिसतात आणि ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला देतात. म्हणजे टेस्टमधल्या तुकड्याचा शेजारचा तुकडा मॉडेलने आधीच पाहिलेला असतो. ते बिघाड शिकतं की त्या एका बेअरिंगची ठेवण, हे कळायला मार्ग नाही. तपासायचं असेल तर एक अख्खं बेअरिंग बाजूला ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, मग त्यावर चालवा. ९८ चे ८० झाले तर खरा आकडा ८०. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

रानजाई
भाचीच्या रिपोर्टमध्ये ९८ च आहे हो! आणि रिपोर्ट सबमिट झालाय. अनोळखी बेअरिंगवर तिचे ८१ च येतात. आता पिचमध्ये ८१ म्हटलं तर गोंधळ नाही का होणार?

कंपनवेडा
दोन्ही सांगायचे. 'ओळखीच्या बेअरिंगवर ९८, अनोळखीवर ८१.' याला पाच सेकंद लागतात आणि पुढचा प्रश्न आपोआप 'ही तफावत का' असा येतो, त्याचं उत्तर तिच्याकडे आहे. ग्राइंडरने खाच पाडलेली बेअरिंग असतील तर तेही सांगावं. वापरून झिजलेलं बेअरिंग वेगळं वागतं.

ओवी_आई
मुलगा थर्ड इयरला आहे. रिपोर्टला डावीकडे मार्जिन किती ठेवायचं असतं? बाइंडिंगवाला म्हणतो दीड इंच.

पाना_१२
ताई, कॉलेजचं फॉरमॅट बघा, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

कंपनवेडा, पटलं. पण आमच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

सोल्डर
लाइव्ह डेमोच्या नादी लागू नका, व्हिडिओ दाखवा. आमचा ईएसपी३२ लॅबमध्ये झकास चालायचा. हॉलमध्ये शेकडो फोन, वायफाय जोडलंच जाईना.

कंपनवेडा
तो बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, गर्दीत तोच पट्टा भरतो. पण त्यासाठी डेमो सोडू नका. यूएसबी केबलने थेट लॅपटॉपला जोडा, वायफायची गरजच नाही. व्हिडिओ हाताशी असू द्या. आणि सेन्सर स्क्रूने घट्ट बसवा. फोमच्या डबल टेपवर वेगवान कंपनं मरतात, टेबलावर लावला तर टेबलाचीच मोजली जातात.

सोल्डर
डबल टेपच होती आमची 😀 तरी चालायचं की.

कंपनवेडा
संथ कंपनांना चालतं. ६२०५ बेअरिंग १५०० आरपीएमला फिरत असेल तर बाहेरच्या कड्यावरच्या खाचेवर सेकंदाला साधारण ९० ठोके बसतात, ती गती टेपमधूनही जाते. पण प्रत्येक ठोक्याने धातू काही हजार हर्ट्झला झणझणतो आणि सुरुवातीचा बिघाड तिथेच आधी दिसतो.

रानजाई
तिचा सेन्सर सेकंदाला हजार वाचनं घेतो. म्हणजे ती झणझण सुटणार?

कंपनवेडा
हो. ५०० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसत नाही. तिने 'सुरुवातीचाच बिघाड पकडतो' असं म्हणू नये, 'खाच पडलेलं बेअरिंग ओळखतो' म्हणावं.

पाना_१२
मग समस्येचं वाक्यही बदलावं लागेल ना? 'कानाला यायच्या आधी' हे तर सिद्धच झालं नाही.

रानजाई
बरोबर! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मग समस्या कशी मांडायची? 'माणूस प्रत्येक मोटारपाशी कान लावून उभा राहू शकत नाही' असं?

सोल्डर
हे चालेल. ऑफिसला पोचलो, संध्याकाळी बघतो.

ओवी_आई
माझ्या मिक्सरचाही असाच आवाज येतोय, बेअरिंगच असेल का?