शब्दचर्चा: ‘रिफ्लेक्टिव्ह जर्नल’ला मराठीत काय म्हणायचं?

वहीवाली
नर्सिंगचं दुसरं वर्ष, सध्या मेडिकल वॉर्डात पोस्टिंग आहे. दर आठवड्याला रिफ्लेक्टिव्ह जर्नलची, म्हणजे वॉर्डात घडलेल्या एखाद्या प्रसंगावर विचार करून लिहायच्या वहीची, एक नोंद द्यावी लागते आणि मराठीत लिहायला परवानगी आहे. वहीवर आधी ‘चिंतन’ लिहिलं. ते फार आश्रमातलं वाटलं म्हणून खोडून ‘आत्मपरीक्षण’ केलं. पहिली नोंद मॅडमनी परत दिली, खाली शेरा: ‘हे रिफ्लेक्शन नाही, माफीनामा आहे.’ शब्द चुकला की मी चुकले?

शब्दवेडा
दोन्ही थोडं थोडं. ‘परावर्तन’ मात्र चुकूनही लिहू नका, ते आरशाचं काम. ‘आत्मपरीक्षण’ म्हटलं की परीक्षा आली, आणि परीक्षा आली की आपण नापास होऊनच बसतो. मला ‘अनुचिंतन’ बरा वाटतो. ‘अनु’ म्हणजे मागून. ‘अनुताप’मध्येही तोच ‘अनु’ आहे. तिथे मागून पोळतं, इथे मागून विचार होतो. तुमच्या मॅडमना बहुतेक अनुताप मिळाला असावा.

काठावरचा
जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलचं ना? आमच्या वेळी डाव्या कोऱ्या पानावर आकृती आणि उजवीकडे साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सही घेतली की संपलं. त्याला चिंतन कशाला हवं?

वहीवाली
काका, नाव तेच, वही वेगळी. यात आकृती नसते.

जुनी सिस्टर
काकांची वही इतकीही वेगळी नाही. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळे लिहायचे ही शिस्त इथेही लागते. बाळा, परत आलेली नोंद इथे टाक बघू. पेशंटचं नाव, खाट नंबर, तारीख काही नको. वहीतही नको. लहान वॉर्डात ‘कोपऱ्यातले आजोबा’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

वहीवाली
खाट नंबर होता वहीत, आत्ता खोडला. नोंद अशी: ‘आज ताप, नाडी, श्वास यांचा टीपीआर चार्ट भरताना मी एका पेशंटचा श्वास न मोजता 18 लिहिला. मॅडमनी मोजला तेव्हा 28 निघाला. मला फार वाईट वाटलं. माझा निष्काळजीपणा झाला. यापुढे नीट लक्ष देईन.’

नियमवाला
यात रिफ्लेक्शन लिहायचं गिब्जचं चक्र कुठे आहे? 1988 सालचं, सहा टप्पे: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. प्रत्येकाला एकेक सारखा परिच्छेद द्यायचा. भावना सर्वांत महत्त्वाची, कारण रिफ्लेक्शन म्हणजे मनात काय आलं ते.

जुनी सिस्टर
टप्पे बरोबर सांगितलेत. सारखे परिच्छेद मात्र कोणी सांगितले? वर्णन चार ओळींत होतं, विश्लेषणाला पान लागतं. मुली बरोबर उलटं करतात. आणि भावना लिहायची ती काही शोधायला. ‘वाईट वाटलं’ यातून काही सापडत नाही.

वहीवाली, आता ‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोड. त्याने विचाराचं दार बंद होतं. मला एवढंच सांग, नाडी मोजलीस ना? मग श्वास का नाही? लक्ष नसतं तर दोन्ही राहिले असते.

वहीवाली
हे डोक्यात आलंच नव्हतं. नाडीसाठी हात धरावाच लागतो. ताप थर्मामीटर सांगतो, ऑक्सिजनचा आकडा बोटाला लावलेलं यंत्र सांगतं. श्वासाचा आकडा कुणीच देत नाही, घड्याळ धरून छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ते आजोबा नातवाशी बोलत होते, मला नुसतं टक लावून बघायला अवघडल्यासारखं झालं. चार्टवर वरच्या तिन्ही रकान्यांत 18 होतं. आणि ऑक्सिजन 96 दिसत होता, म्हणून बरं चाललंय असं वाटलं.

जुनी सिस्टर
आली की नोंद! आता एकेक धर. नळीने ऑक्सिजन चालू होता का?

वहीवाली
हो, दोन लिटर.

जुनी सिस्टर
मग 96 कशाच्या जोरावर होता ते बघ. बाहेरून ऑक्सिजन मिळतोय आणि माणूस जोर लावून भराभर श्वास घेतोय, अशा वेळी तो आकडा बराच वेळ चांगला राहू शकतो. मोठ्या माणसाचा श्वास आरामात असताना साधारण 12 ते 20. तो 28 वर गेला हीच आधीची हाक होती, आणि ती नेमक्या न मोजलेल्या रकान्यात होती. हे वाक्य तुझ्या विश्लेषणात हवं. दुसरं, सलग तीन वेळा 18 बघून तू चौथा 18 मोजला नाहीस, उतरवलास. आधीचे तरी मोजलेले होते का, कोण जाणे.

शब्दवेडा
इथे एक गंमत सांगतो, विषयांतर झालं तर माफी. ‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. धातू ‘श्रु’. सेवा हा अर्थ नंतरचा. श्रवण आणि मग मनन हा क्रमही जुनाच. त्यामुळे ‘मननवही’ असंही म्हणता येईल.

नियमवाला
पण ‘पुढे नीट लक्ष देईन’ ही पुढची कृती झालीच की.

जुनी सिस्टर
ती कृती नव्हे, शपथ. कृती अशी हवी की ती झाली की नाही हे दुसऱ्याला बघता यावं.

वहीवाली
मग असं लिहू का: ‘नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवीन आणि पूर्ण एक मिनिट छाती मोजीन, म्हणजे पेशंटला वाटेल नाडीच चाललीय आणि तो श्वास बदलणार नाही. पेशंट बोलत असेल तर थांबेन. आधीचा आकडा माझा मोजून झाल्यावरच बघेन.’

जुनी सिस्टर
हे चालेल. श्वास एकसारखा असेल तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात, पण तू आत्ता पूर्ण मिनिटच धर. आणि चार्टवरचा 18 कसा दुरुस्त केलास?

वहीवाली
मॅडमनी करून घेतला. एक आडवी रेघ, आकडा वाचता येईल अशी, बाजूला 28, वेळ आणि सही. डॉक्टरांना लगेच कळवलं होतं.

जुनी सिस्टर
छान. चूक आधी चार्टवर आणि माणसांना सांगायची, वहीत नंतर. वहीत लिहिलं म्हणून कळवल्यासारखं होत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने चुकलेली गोळी फक्त वहीत ‘कबूल’ केली होती. मी ती चार दिवसांनी वाचली. ‘माफीनामा’ शब्दाला मी बिचकते ते त्यामुळे.

काठावरचा
आमच्या मास्तरांना आकृती सुंदर हवी असायची, निष्कर्ष सगळे एकमेकांचा उतरवायचे. तुमचा 18 वाचून तेच आठवलं.

शब्दवेडा
पण सिस्टर, एक अडचण राहिलीच. रिफ्लेक्शनवर लिहिणारे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या: काम झाल्यावरचा विचार आणि काम चालू असतानाचा. ‘अनुचिंतन’ पहिल्याला बसतं, दुसऱ्याला नाही. हात मनगटावर असतानाच ‘अरे, छाती फार भराभर हलतेय’ हे जे कळतं, त्याला काय म्हणाल? ‘अवधान’ सुचतो, पण त्यात विचार कमी आणि लक्ष जास्त आहे.

जुनी सिस्टर
आम्ही ‘भान’ म्हणतो. ‘तिला वॉर्डाचं भान आहे.’

शब्दवेडा
भान उपजत वाटतं. हे शिकलेलं आहे.

जुनी सिस्टर
वॉर्डात भान शिकवूनच येतं.

वहीवाली
वहीवर सध्या काहीच लिहिलेलं नाही, दोन शब्द खोडलेले आहेत. आज सकाळी सहा जणांचे श्वास मोजले. चौघांचे चार्टवरच्या आकड्याशी जुळले नाहीत, दोन-तीनचाच फरक, पण जुळले नाहीत. आधीच्या शिफ्टच्या सिस्टरना हे कसं सांगायचं, त्याला कुठला शब्द आहे का?