उत्तर: थप्पीच्या फोटोवरून कट्टे मोजणे

> गोदामातल्या सोयाबीनच्या थप्पीचा फोटो आलाय. मागच्या रांगा दिसतच नाहीत, कट्टे मोजायचे कसे?

फक्त समोरून काढलेला फोटो असेल तर नाद सोडा, खोली कळणार नाही. कोपऱ्यातून काढलेला मागवा, दोन्ही बाजू दिसायला हव्यात.

मग एकच थर धरा. समोर कट्ट्यांची ९ तोंडं आणि बाजूला ४ कट्टे आडवे दिसले, तर त्या थरात ३६. त्याच्या वरचा थर बघा. थप्पी घसरू नये म्हणून हमाल तो फिरवून लावतात, त्यामुळे तिथे समोर ६ आडवे आणि बाजूला ६ तोंडं दिसतील. म्हणजे पुन्हा ३६. दोन्ही थरांचे आकडे नेहमी जुळतीलच असं नाही, म्हणून सम-विषम थर वेगळे मोजा. असे १४ पूर्ण थर असले तर ५०४. सगळ्यात वरचा थर बहुधा अर्धवट असतो, त्याचा फोटो शिडीवरून घ्या.

पण हे झाले जास्तीत जास्त कट्टे. थप्पी आतून पोकळ ठेवली असेल (ठेवणारे ठेवतात!) तर बाहेरून काहीच दिसत नाही. वरचा थर मध्ये खचलेला दिसला तर शंका घ्या. आवकेच्या काटापावत्यांशी आकडा ताडून पाहा, तरीही जमेना तर मधले कट्टे उचलायला लावा.