नवा प्रिंटर वायफायला जोडला जात नाही, राऊटरवर मॅक फिल्टर आहे

सातारकर
घरचं वायफाय उत्तम चालतंय. दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही, कशालाच अडचण नाही. काल आणलेला प्रिंटर मात्र काही केल्या जोडला जात नाही. नेटवर्कचं नाव दिसतं, पासवर्ड तीनदा तपासून टाकला, मिनिटभर दिवा लुकलुकतो आणि जोडणी फसल्याचं सांगतो. राऊटरवर ठरावीक उपकरणांनाच आत घेणारा मॅक फिल्टर आहे. प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता यादीत घातला, तरी तेच. सोमवारी मुलीचा प्रोजेक्ट द्यायचाय.

गच्चीवरचा
राऊटरमधून प्रिंटरला कायमचा आयपी बांधून द्या. माझं काम त्यानेच झालं होतं.

पाऊसवेडी
माझ्या फोनचं असंच झालेलं. फोन खरा पत्ता लपवून वेगळाच सांगत होता. त्या नेटवर्कपुरती ती सोय बंद केली आणि जोडला गेला. प्रिंटरमध्येही असं काही बंद करावं लागत असेल.

तारवाला
पाऊसवेडी, फोनचं बरोबर आहे, पण घरगुती प्रिंटर सहसा असा पत्ता बदलत नाहीत. गच्चीवरचा, आयपी मिळतो जोडणी झाल्यावर. फिल्टर त्याआधी दारातच अडवतो. कायमचा आयपी नंतर कामाला येईल, प्रिंटर मध्येच 'ऑफलाइन' दिसू नये म्हणून.

सातारकर, स्टिकरवरचा पत्ता केबलच्या पोर्टचा असू शकतो. वायफायचा वेगळा असतो, आणि Wi-Fi Direct चा कधीकधी तिसराच. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा आणि त्यावर वायरलेसचा पत्ता शोधा.

खात्री करायची तर लॅपटॉप केबलने राऊटरला लावा आणि फिल्टर पाच मिनिटं बंद करा. प्रिंटर लगेच जोडला गेला, तर अडथळा फिल्टरचाच. मग राऊटरच्या DHCP यादीत प्रिंटरची नवी ओळ येईल. तिथला पत्ता कॉपी करून फिल्टरच्या यादीत घाला. हाताने लिहू नका, 8 आणि B ची गल्लत होते. फिल्टर परत लावताना Allow आहे ना, ते बघा. चुकून Deny झालं तर यादीतली सगळी उपकरणं बाहेर पडतील.

सातारकर
फिल्टर बंद करताच जोडला गेला! स्टिकरवर शेवटची जोडी 1E होती, DHCP यादीत 1F. बाकी पाचही जोड्या तंतोतंत सारख्या, म्हणून शंकाच आली नाही. नवा पत्ता घालून फिल्टर लावला, प्रिंटर बंद करून चालू केला, तरी टिकला. मनापासून आभार.

गच्चीवरचा
मग मुळात फिल्टर हवाच कशाला? हे पत्ते हवेत उघडेच जातात, कुणीही ऐकून नक्कल करू शकतो. पासवर्ड भक्कम ठेवा आणि फिल्टर काढून टाका.

तारवाला
हे मात्र मान्य. तरी पासवर्ड बाहेर फुटला, तर फुकट्या शेजाऱ्याला तेवढा अटकाव होतो, म्हणून मी ठेवतो.

सातारकर
शेजाऱ्यांना पासवर्ड मीच दिला होता, म्हणून तर फिल्टर लावला. आता पासवर्डच बदलायचा, तर टीव्हीपासून सगळं पुन्हा जोडत बसावं लागेल. आधी प्रोजेक्ट छापतो.