68 इंची लाकडी रिकर्व्हसाठी दोरी: कोणतं मटेरियल, किती पदर?

रानपाखरू: धनुष्य जुनं आहे, लिंब म्हणजे वर-खालच्या वाकणाऱ्या भुजा लाकडी, ओढ 32 पौंड. लिंबची टोकं मजबूत केलेली नाहीत. सध्या 12 पदरी डॅक्रॉन आहे. मधलं सर्व्हिंग, म्हणजे दोरीवर गुंडाळलेला धागा, 4-5 मिलिमीटर खाली सरकलंय आणि दोरीवर तंतूंची लव आली आहे. एकच दोरी घ्यायची आहे. बाणाच्या मागच्या टोकाचा खाचेचा नॉक, बाण, बाकी काही बदलायचं नाही. सुचवा.

वेगवान_बाण: फास्टफ्लाइट घ्या, 18 पदरी. दोरी कमी ताणते, त्यामुळे बाण सुसाट जातो. डॅक्रॉनचा जमाना गेला. सोबत नवे नॉकही घ्या, जुने बसणार नाहीत.

सुताराचा_नातू: टोकं मजबूत केलेली नाहीत हे त्यांनी लिहिलंय, तेवढं वाचा. डॅक्रॉन बाण सुटताना थोडं ताणतं आणि शेवटचा झटका स्वतःत घेतं. फास्टफ्लाइट ताणत नाही, म्हणून तोच झटका लिंबच्या टोकाला बसतो. दोरी खाचेत रुतत जाते, पुढे लाकूड उभं चिरतं. या धनुष्याला डॅक्रॉनच. शिवाय वेगवान दोरीने तेच बाण मऊ असल्यासारखे वागतात, म्हणजे बाणही बदलावे लागतील.

कंपाउंडवाला: माझ्या कंपाउंडला 452एक्स आहे, 24 पदर. वर्ष झालं तरी लांबी हलली नाही. तेच घ्या.

निशाणी: रिकर्व्हबद्दल विचारलंय दादा. माझ्या मते 16 पदरी डॅक्रॉन घ्या. पदर जास्त तेवढी दोरी सुरक्षित.

सुताराचा_नातू: अर्धं बरोबर. डॅक्रॉनचा एक पदर साधारण 50 पौंड पेलतो, म्हणजे 12 पदरांना 600. 32 पौंडांच्या धनुष्याला तेवढं पुरेसं आहे. चार पदर वाढवले की दोरी जड होते, बाण हळू जातो. मुख्य म्हणजे दोरी जाड झाल्याने नॉक घट्ट बसतो. घट्ट नॉक बाण सोडताना ओढ देतो आणि जोर पडून तडकूही शकतो. उलट नॉक सैल असेल तर ओढताना बाण दोरीवरून निसटतो. ते लक्षात न येता हात सुटला की कोरी सुटका, म्हणजे बाणाशिवाय दोरी सुटते, आणि मग लिंब तुटायला वेळ लागत नाही.

तपासायची रीत सोपी. बाण दोरीला नॉक करून खाली लोंबकळत सोडा. आपल्या वजनाने तो पडता कामा नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटायला हवा. नॉक बदलायचा नसेल तर सर्व्हिंगच्या धाग्याची जाडी बदलून हा मेळ साधा, पदरांना हात लावू नका.

वेगवान_बाण: दोरी लवदार झालीय म्हणजे ती गेली. मेण लावून काही होत नाही.

निशाणी: मेण लावून हेअर ड्रायरने तापवा, आतपर्यंत मुरतं.

सुताराचा_नातू: लव म्हणजे बहुतेक वेळा मेण कमी. थोडं मेण चोळून चामड्याच्या तुकड्याने वरखाली घासा, कोमट झालं की पुरे. सर्व्हिंगवर मेण नको. जास्तीचं मेण धूळ धरतं आणि दोरी जड करतं. ड्रायर नकोच. फास्टफ्लाइटसारखे धागे साधारण 145 अंशांना वितळतात, आणि त्याच्या बऱ्याच आधी गरम अवस्थेत ताणून कायमचे लांब होतात. डॅक्रॉन जास्त उष्णता सोसतं, पण सवय चुकीची लागते.

कंपाउंडवाला: वाढलेली लांबी पिळे घालून जुळते की.

सुताराचा_नातू: जुळते. पीळ वाढवला की दोरी आखूड होते, ब्रेस हाइट म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर वाढतं. फक्त दर सत्राआधी मोजत राहा. रोज घसरत असेल तर दोरी बदला.

रानपाखरू: धन्यवाद. पदर तपासले, एकही तुटलेला दिसला नाही. नवी दोरी घेत नाही. मेण लावून मधलं सर्व्हिंगच नव्याने गुंडाळतो.

निशाणी: हे मला पटत नाही. 12 पदरी नवी घ्या.

सुताराचा_नातू: मीही नवी घेतली असती. पण करायचंच असेल तर जुनं सर्व्हिंग पूर्ण काढून त्याखालचे पदर बघा, नॉक बसतो तिथेच झीज लपते. एक जरी पदर तुटलेला निघाला तर दोरी बाद. नाही तर धनुष्य चढवलेलं ठेवून गुंडाळा. सुरुवातीचं टोक दोन सेंटिमीटर दोरीला समांतर ठेवून वेढ्यांखाली दाबा. शेवटचे 10-12 वेढे उलट्या फाशात घालून टोक आत ओढा. ताण कमी पडला तर परत सरकेल, जास्त दिला तर पदर आवळले जातात. पहिल्या 20 बाणांनंतर नॉकिंग पॉइंटवर खूण करून ती हलते का पाहा.

रानपाखरू: धागा तोच जुन्या जाडीचा आणतोय.