प्रत्येक गटात ३०, फार तर ६४ : हा आकडा येतो कुठून?

सरळरेषा
दोन गटांच्या सरासरींची तुलना म्हटली की सॅम्पल साइझवरून उगाच काथ्याकूट सुरू होतो. प्रत्येक गटात ३० घ्या, सेंट्रल लिमिट थिअरम तुमच्या बाजूला आहे. कमिटी फारच मागे लागली तर G*Power उघडा, दुहेरी चाचणी आणि ८० टक्के पॉवर निवडा, मध्यम इफेक्ट म्हणून ०.५ टाका, ६४ येतात, स्क्रीनशॉट जोडा आणि मोकळे व्हा. पॉवर अॅनालिसिस म्हणजे आधीच ठरलेल्या आकड्याला चढवलेला मुलामा, दुसरं काही नाही.

अनुजा_के
शेवटचं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच बाकीचं जास्त खटकलं.

आधी ३० चं बघू. तो थिअरम एवढंच सांगतो की सरासरीचं वितरण साधारण नॉर्मल होईल. तुम्हाला हवा तो फरक सापडेल की नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सिस्टोलिक रक्तदाबाचं उदाहरण घ्या. दोन औषधं, शोधायचा फरक ५, एसडी म्हणजे माणसागणिक पसारा १२. ३०-३० घेतले तर फरकाची स्टँडर्ड एरर ३.१ येते, म्हणजे ०.०५ ची रेघ ओलांडायला निरीक्षणात किमान ६.२ चा फरक दिसावा लागतो. शोधताय ५ आणि दार उघडतं ६.२ ला! पॉवर पस्तीस टक्क्यांच्या आसपास. खरोखर ५ चा फरक असूनही तीनातल्या दोन वेळा तुम्ही "फरक आढळला नाही" असं लिहून मोकळे व्हाल.

आता योग्य आकडा, R मध्ये :

```
power.t.test(delta = 5, sd = 12,
             sig.level = 0.05, power = 0.80)
```

n ९१.४ च्या जवळ येतो. नेहमी वर न्यायचं, म्हणून ९२. हे एका गटाचे, दोन्ही मिळून १८४. आउटपुटच्या तळाशी "in *each* group" असं लिहिलेलं असतं, तरी तो एकूण आकडा समजून निम्मा करणारे भेटतातच. ४६-४६ वर पॉवर ५१ टक्के उरते, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

आणि ते ०.५? एसडी १२ असताना ०.५ म्हणजे ६ चा फरक. ६४ लिहिता तेव्हा तुम्ही न बोलता कबूल करता की ६ पेक्षा कमी फरक हुकला तरी चालेल. खरा फरक ५ निघाला तर ६४ वर पॉवर ६५ टक्क्यांच्या आत. हे कबूल असेल तर खुशाल ६४ घ्या, पण कबूल केलंय हे निदान माहीत तरी असू द्या.

सरळरेषा
वा! मी ०.५ हवेतून घेतला आणि तुम्ही ५ आणि १२ काय जमिनीतून उपटून आणले? तुमच्याकडे दोन हवेतले आकडे आहेत, माझ्याकडे एक. माझा हिशेब जास्त काटकसरीचा.

मुक्तछंद
त्यासाठीच तर पायलट करतात. प्रत्येक गटात दहा-दहा घ्या, जो फरक आणि जी एसडी येईल ती सूत्रात टाका. हवेतलं काहीच उरत नाही. सूत्र तोंडपाठ करण्याइतकं सोपं आहे : १६ भागिले डी वर्ग, डी म्हणजे फरक भागिले एसडी. वरच्या उदाहरणात ९२.१६ येतात, सॉफ्टवेअर उघडायचीही गरज नाही.

अनुजा_के
१६ चा नियम चांगला आहे, पण तो ८० टक्के पॉवर आणि दुहेरी ०.०५ पुरताच. ९० टक्के हवी असेल तर १६ च्या जागी २१ येतात आणि ९२ चे १२२-१२३ होतात. पायलटबद्दल मात्र साफ असहमत.

पायलटमधला फरक अजिबात घ्यायचा नाही. दहा-दहा जणांत, एसडी १२ असताना, फरकाची स्टँडर्ड एरर ५.४ असते. खरा फरक ५ असेल तर पायलट ० ही दाखवेल आणि १० ही. १० दिसले की तुम्ही खूश होऊन छोटा अभ्यास आखणार, ० दिसला तर विषयच सोडून देणार. डेल्टा म्हणजे जो फरक हुकला तर नुकसान आहे तो. तो विषयातल्या जाणकाराने ठरवायचा असतो, डेटाने नाही.

मुक्तछंद
बरं, फरक नाही घेत. एसडी तर घेऊ? की तीही पंचांग बघून ठरवायची?

अनुजा_के
एसडी घ्या, पण ती किती डळमळीत आहे तेही बघा. दहा-दहाच्या पायलटमध्ये एसडी १२ आली, तर १८ डिग्रीज ऑफ फ्रीडमवर तिचा ९५ टक्के इंटर्व्हल साधारण ९.१ ते १७.७ असा पसरतो. तोच ५ चा फरक धरून एका टोकाला प्रत्येक गटात ५३ येतात, दुसऱ्या टोकाला जवळपास २००. "पायलटवरून ९२" या वाक्यामागे एवढी दरी लपलेली असते, कारण सूत्रात एसडीचा वर्ग येतो.

नियोजन ९२ वर केलं आणि खरी एसडी १५ निघाली तर पॉवर ८० वरून ६१ वर घसरते. म्हणून पायलटची एसडी जशीच्या तशी न घेता तिची ८० टक्के वरची मर्यादा घ्यावी. इथे ती १४.२ येते आणि प्रत्येक गटात १२८ लागतात.

```
s <- 12; df <- 18
s * sqrt(df / qchisq(0.20, df))
```

तिरका_डोळा
म्हणजे पायलटला शिक्षा म्हणून प्रत्येक गटात ३६ माणसं जास्त. माणसं जमवायला कोण जाणार? इथे बसून १२८ लिहिणं सोपं असतं. जाणकारांचा हा आवडता खेळ आहे : आधी खात्री वाढवायची, मग बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं. छापून आलेल्या मोठ्या अभ्यासातली एसडी घेतली की हा दंड पडत नाही, हे कुणी सांगतच नाही.

अनुजा_के
ते बरोबर आहे. तीनशे-चारशे जणांच्या अभ्यासातली एसडी पायलटपेक्षा कधीही बरी. रुग्ण त्याच प्रकारचे आणि मोजण्याची पद्धत तीच असेल तर.

दशांशचिन्ह
"छापून आलेली एसडी" हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. अहो, ती एसडी आहे हे आधी बघा तरी! तक्त्यात "१३२ ± २.२" असतं, लोक २.२ उचलतात आणि एसडी म्हणून टाकतात. गटात ३० जण असतील तर ती स्टँडर्ड एरर आहे. ३० च्या वर्गमुळाने गुणा, १२ येते. न गुणता ५ चा फरक टाकलात तर प्रत्येक गटात चार-पाच माणसं पुरतात असं उत्तर मिळतं. ते उत्तर बघून आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. प्रौढांचा रक्तदाब माणसागणिक फक्त दोनने बदलतो? कुठल्या ग्रहावर? आणि तक्त्याखाली ± म्हणजे काय ते लिहिलेलंच नसतं, ही छपाईतली चोरी वेगळीच.

सरळरेषा
मूळ मुद्दा राहिला बाजूला, एसडीचं श्राद्ध सुरू झालं.

नवखी_संशोधक
मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे एकच गट आहे, औषधाआधी आणि औषधानंतर. फरक ५, एसडी १२. मग मलाही ९२ + ९२ लागतील ना? गाईड म्हणाले ३० पुरे.

अनुजा_के
नाही, तुमचा प्रश्नच वेगळा आहे. तीच माणसं दोनदा मोजलीत तर लागते ती फरकांची एसडी, आणि ती दोन मोजण्यांच्या परस्परसंबंधावर ठरते. सहसंबंध ०.६ धरला तर १२ च्या जागी १०.७ येते आणि ३८-३९ जोड्या लागतात. कोडमध्ये sd मध्ये ही १०.७ टाका आणि type = "paired" लिहा. तिथे १२ च ठेवली तर उत्तर चुकेल आणि एररही येणार नाही.

दशांशचिन्ह
आणि नवखी ताई, तुलनेचा गट नसेल तर ५ ने उतरलेला रक्तदाब औषधाने उतरला की आपसूक, हे ३९ काय, ३९०० जोड्याही सांगणार नाहीत. जास्त रक्तदाब दिसला म्हणून निवडलेली माणसं पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतातच. आधी डिझाइन, मग सॅम्पल साइझ.

मुक्तछंद
सहसंबंधाचा विषय निघालाच आहे तर दोन गटांतही तो वापरता येतो. सुरुवातीचं माप घेऊन उतरलेला फरकच तुलनेला घ्यायचा, म्हणजे माणसं कमी लागतात.

अनुजा_के
सहसंबंध ०.५ च्या वर असेल तरच. खाली असेल तर उलट जास्त लागतात. त्यापेक्षा सुरुवातीचं माप को-व्हेरिएट म्हणून अॅनकोव्हात घ्या. तिथे n ला (1 − r²) ने गुणायचं. r ०.६ असेल तर ९२ चे ५९ होतात, वजाबाकीने ७४. तिरका_डोळा यांच्या बिलावर एवढी सूट चालेल का?

तिरका_डोळा
चालेल. हे पहिल्या प्रतिसादातच सांगितलं असतं तर एवढं बोललो नसतो.

सरळरेषा
ठीक. ३० मागे घेतो, कारण ६.२ चं दार मलाही आधी दिसलं नव्हतं. पण ५ चा हिशेब अजून कुणी दिलेला नाही. छापील अभ्यासातून एसडी घेता, मग फरकही तिथूनच का नाही घ्यायचा?

अनुजा_के
त्याच दारामुळे. ३०-३० च्या अभ्यासात ६.२ च्या खालचा फरक "सिग्निफिकंट" ठरतच नाही. खरा फरक ५ असला तरी यशस्वी म्हणून छापून येणारा प्रत्येक अभ्यास ६.२ च्या वरचाच आकडा सांगणार. त्यातला एखादा ८ म्हणतो, तुम्ही ८ टाकता, प्रत्येक गटात ३७ येतात, आणि तुमचा अभ्यासही तसाच आंधळा निघतो.

म्हणून औषध देणाऱ्यांना विचारा : किती फरक दिसला तर तुम्ही औषध बदलाल? उत्तरं ४ ते ६ च्या दरम्यान पसरली तर एकच आकडा निवडून बाकीचे लपवू नका. ४ ला १४३, ५ ला ९२, ६ ला ६४, हे तिन्ही प्रोटोकॉलमध्ये छापा आणि कुठला का घेतला ते लिहा.

सरळरेषा
बघा, ६ ला ६४. फिरून माझ्याच आकड्यावर आलात. हे तीन पर्याय समोर ठेवले की ज्याला माणसं मिळत नाहीत तो सहाच निवडणार, आणि कारण नंतर शोधणार.

दशांशचिन्ह
निवडेल. पण मग "६ पेक्षा कमी फरक आम्हाला नको" हे त्याच्याच सहीने कागदावर राहील. नंतर ३.६ चा फरक, पी ०.०९, आणि वर "कल दिसतो" असं लिहायला आला की तो कागद समोर धरता येतो.

सरळरेषा
धरून बघा आणि कळवा.